आधी पाणी, मग तेल, वर झाकण: शिकागोच्या हिवाळ्यात त्वचेची काळजी

जानेवारीत रात्री मोजे काढले की आतून पांढरा भुगा पडतो का? नडगीवर नखाने रेघ ओढली तर ती पाटीवर पेन्सिल फिरवल्यासारखी पांढरी उमटते का? असं होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

शिकागो आणि आसपास राहणारे आपण अशा वेळी काय करतो? डेव्हन ॲव्हेन्यू गाठतो. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर उघडलं. आज इथल्या किराणा दुकानांत खोबरेल तेल, मोहरीचं तेल, ग्लिसरीन, गुलाबजल, बोरोलीन असं सगळं ओळखीचं सामान मिळतं. ते पिशवीत भरून आपण घरी आणतो आणि आई-आजी लावायच्या तसंच लावतो. दोन आठवड्यांनी बघावं तर रेघ तेवढीच पांढरी. मग वाटतं की तेलात भेसळ असेल, किंवा आपली त्वचाच बिघडली असेल.

बहुतेक वेळा तेल ठीक असतं आणि त्वचाही ठीक असते. अडचण अशी की लावण्याची पद्धत आपण कोकणातल्या किंवा पुण्यातल्या हवेतून आणलेली असते आणि ती वापरतो शिकागोच्या हवेत. म्हणून सुरुवात हवेपासून करू.

हवेत पाणी किती?

मुंबईत जुलैमध्ये तापमान २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. शिकागोत जानेवारीच्या एखाद्या दिवशी बाहेर उणे १० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत वाफ भरते जेमतेम दीड ग्रॅमच्या वर. आर्द्रता ७० टक्के ऐकून हवा दमट वाटते, पण थंड हवेत मुळात वाफ मावतेच थोडी.

हीच हवा तुमच्या घरात येते आणि रेडिएटर तिला २२ अंशांपर्यंत तापवतो. तापलेल्या हवेची वाफ धरण्याची क्षमता वाढून १९ ग्रॅमच्या वर जाते, पण आत पाणी आहे तेवढंच. म्हणजे आर्द्रता उरते आठ-नऊ टक्के. आपला श्वास, डाळीच्या कुकरची वाफ, आंघोळ यामुळे ती थोडी वर येते, तरी कडाक्याच्या थंडीत अपार्टमेंटमध्ये ती वीस टक्क्यांच्या आसपास राहणं नेहमीचं आहे. उरलेली भूक ही हवा जिथून मिळेल तिथून भागवते. कुंडीतली माती, लाकडी फर्निचर आणि तुमच्या नडग्या, सगळ्यांतून पाणी जातं.

तेलाने कातडं मऊ होत नाही

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. जाडी केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण त्यात पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक बसलेले असतात. या थराला संशोधक विटांच्या भिंतीची उपमा देतात: पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. या गिलाव्यात मुख्यतः सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड असतात. पाणी आत राखण्याचं बरंचसं काम हा गिलावाच करतो.

१९५२ मध्ये आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने या वरच्या थराचे वाळून कडक झालेले तुकडे घेतले. ते तेलकट पदार्थांत ठेवले, तरी कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र ते लवचीक झाले. थरात साधारण दहा टक्के पाणी असेल तर तो मऊ राहतो, त्याखाली गेलं की ठिसूळ होतो. त्वचा मऊ करतं ते पाणी. तेलाचं काम ते पाणी जाऊ न देण्याचं.

भुगा का पडतो, तेही यातूनच कळतं. एरवी वरच्या पेशी रोज एकेक करून, डोळ्यांना न दिसता सुटत असतात. त्यांना एकमेकींशी बांधणारे दुवे काही एन्झाइम कापतात आणि त्या एन्झाइमना काम करायला पाणी लागतं. पाणी कमी पडलं की दुवे तुटत नाहीत. पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि मग पापुद्र्यांसारख्या एकगठ्ठा सुटतात. म्हणजे तो भुगा मळ नाही. घासणीने किंवा स्क्रबने तो खरवडला, तर खालची अजून तयार न झालेली भिंत उघडी पडते आणि पाणी जास्तच जायला लागतं.

आता आपल्या घरच्या पद्धतीकडे बघा. तेल अंगाला चोळायचं, थोडा वेळ बसायचं, मग कढत पाण्याने आणि साबणाने किंवा उटण्याने आंघोळ करायची. ही पद्धत चुकीची नाही. आधी लावलेलं तेल साबणाचा मारा थोडा कमी करतं. पण आंघोळीनंतर त्वचेवर झाकण असं फारसं उरत नाही. दमट हवेत त्याने बिघडत नाही, कारण पाणी उडण्याचा वेगच कमी असतो. शिकागोत टॉवेल बाजूला ठेवल्यापासून काही मिनिटांत ते पाणी निघून जातं. म्हणून इथे तेलाची जागा आंघोळीनंतर, ओल्या अंगावर.

तीन कामं, तीन प्रकारचे पदार्थ

मॉइश्चरायझर म्हणून जे काही विकलं जातं, त्यात तीनपैकी एक किंवा अनेक कामं करणारे पदार्थ असतात.

पहिले ह्यूमेक्टंट, म्हणजे पाणी धरून ठेवणारे. ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक ॲसिड ही यातली नेहमीची नावं. ते वरच्या थरात मुरतात आणि पाण्याला धरून बसतात. पण पाणी तयार करत नाहीत, आणि इथेच ग्लिसरीन-गुलाबजलाचा घोटाळा होतो. ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडं ठेवलेलं ग्लिसरीन हळूहळू जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी शोषून घेतं. २० टक्के आर्द्रतेत ते स्वतःच्या वजनाच्या दहाव्या भागाइतकंही पाणी घेत नाही. म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात ग्लिसरीनला हवेतून पाणी मिळतं. शिकागोत ते पाणी तुम्हीच द्यावं लागतं, नाहीतर ग्लिसरीन ते खालच्या थरांतून ओढतं आणि वर झाकण नसेल तर तेही हवेत जातं. कोरड्या गालावर नुसतं ग्लिसरीन लावून झोपलात आणि सकाळी त्वचा चिकट पण ताणलेली वाटली, तर हेच झालेलं असतं.

दुसरे इमोलियंट, म्हणजे फटी भरणारे. पेशींच्या कडा उचकटलेल्या असतात तिथे हे शिरतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतात. वनस्पती तेलं, शिया बटर आणि सेरामाइड असलेली क्रीम यात येतात. तेलांमध्ये मात्र फरक आहे. खोबरेल तेलाचा अनुभव चांगला आहे: फिलिपीन्समध्ये कोरड्या त्वचेच्या ३४ जणांच्या पायांवर दोन आठवडे झालेल्या चाचणीत ते मिनरल ऑइलच्या तोडीस तोड ठरलं. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगात बिघडलेली भिंत सावरायला वेळ लागला, तर सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर सावरली. ब्रिटनमध्ये २०१३ साली मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलानेही भिंत कमकुवत झाली. कारण बहुधा ओलेइक ॲसिड. ते गिलाव्याची घडी विस्कटतं. इथल्या दुकानांतलं बरंच सूर्यफूल तेल मुद्दाम ‘हाय ओलेइक’ केलेलं असतं, तेव्हा लेबल वाचून घ्या. त्वचेसाठी ते नको.

तिसरे ऑक्लुसिव्ह, म्हणजे झाकण घालणारे. पेट्रोलियम जेली, मेण, लॅनोलिन हे यातले. यांत पेट्रोलियम जेलीचा हात कोणी धरत नाही. ती पाणी उडणं जवळजवळ थांबवते आणि तरी खालची भिंत दुरुस्त होत राहते. कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांसाठी वापरतात ते कोकमाचं तेल, म्हणजे भिरंडेल, इमोलियंट आणि ऑक्लुसिव्ह यांच्या मधे बसतं. थंडीत ते दगडासारखं असतं, गरम करून लावावं लागतं, पण टाचेवर छान टिकतं. बोरोलीनही मुख्यतः झाकणच आहे. पण त्यात बोरिक ॲसिड असल्यामुळे ते ओठांजवळच्या किंवा बोटाच्या लहानशा चिरेपुरतं ठेवा. अंगभर किंवा मोठ्या उघड्या भेगांवर लावू नका, आणि तान्ह्या बाळाला तर नकोच.

क्रम आता आपोआप ठरतो. पाणी, मग ते धरणारं, मग फटी भरणारं, मग झाकण. उलट केलंत, म्हणजे आधी जेली आणि वर ग्लिसरीनवालं पातळ लोशन, तर लोशन जेलीवरच बसून राहतं. झाकण लावलेल्या डब्यावर पाणी ओतल्यासारखं ते होतं.

एक रात्र, दोन नडग्या

समजा तुम्ही वेस्ट रिजमधल्या जुन्या विटांच्या बिल्डिंगमध्ये राहता. रेडिएटर घरमालकाच्या हातात आहे, खोली २३ अंशांवर तापलेली आहे आणि दोन्ही नडग्यांवर खवले आहेत. रात्रीची आंघोळ धरून हिशेब करू.

आंघोळ कोमट पाण्याने आणि दहा मिनिटांच्या आत. आरसा वाफेने पूर्ण झाकला जात असेल तर पाणी जास्त गरम आहे. गरम पाणी आणि साबण मिळून गिलाव्यातले स्निग्ध पदार्थ विरघळवतात, म्हणून साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना. नडग्यांवर रोज साबण लावायला तसं कारण नसतं.

टॉवेलने पाय टिपा, घासू नका. थोडी ओल दिसली पाहिजे. इथून पुढचं सगळं दोन-तीन मिनिटांत करायचं, म्हणून सामान बाथरूममध्येच ठेवा.

ओल्या तळहातावर अर्धा चमचा ग्लिसरीन घ्या, त्यात दोन-तीन चमचे पाणी मिसळा आणि दोन्ही नडग्यांवर पसरवा. हे मिश्रण बाटलीत भरून साठवू नका, त्यात जंतू वाढतात. गुलाबजल घातलं तर वासापलीकडे फायदा नाही, आणि सुगंधी असेल तर फुटलेल्या त्वचेला झोंबतं. खवले जाड असतील तर ग्लिसरीनऐवजी १० टक्के युरियाचं लोशन घ्या. युरिया पाणी धरतो आणि चिकटलेल्या पेशी सैलही करतो.

त्यावर लगेच क्रीम किंवा तेल. मोजायला त्वचारोगतज्ज्ञांची एक सोपी पद्धत आहे: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या एका पायाला अशा तीन रेघा, दोन्हींना मिळून सहा, म्हणजे तीन ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ धरलं तर महिन्याला १८० ग्रॅम, तेही फक्त नडग्यांना. पर्समधली छोटी ट्यूब चार महिने पुरत असेल, तर तुम्ही लावता त्यापेक्षा पुष्कळ जास्त लावायला हवं. खोबरेल तेल घेणार असाल तर ते २४-२५ अंशांखाली थिजतं हे लक्षात ठेवा. तुमच्या खोलीत ते घट्टच असेल, तळहातावर चोळून पातळ करून लावा. हात वरून खाली, केसांच्या दिशेने फिरवा. उलटं चोळलं तर केसांच्या मुळांशी पुळ्या येतात.

शेवटी वाटाण्याएवढी पेट्रोलियम जेली दोन तळव्यांमध्ये चोळून सगळ्यात वाईट जागांवर दाबा: खवले असलेला पट्टा, टाचा, बोटांची पेरं. पातळ थर पुरतो. टाचांवर सुती मोजे घाला. सकाळी आंघोळ नसेल तर पाय ओल्या हाताने भिजवून नुसतं क्रीम लावलं तरी चालतं.

तीन बाटल्या लागतातच असं नाही. औषधाच्या दुकानातल्या डब्यातल्या घट्ट क्रीममध्ये बहुधा तिन्ही प्रकारचे पदार्थ एकत्र असतात. घटकांच्या यादीत सुरुवातीला ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटम दोन्ही दिसले, तर ओल्या अंगावर ते एकच क्रीम लावून दोन आठवडे बघा. वेगवेगळे थर हवेत ते जिथे एवढ्याने भागत नाही तिथेच. पंप दाबला की वाहत येणारं लोशन मात्र बहुतांश पाणीच असतं, जानेवारीत त्याचा भरवसा नको.

जमतंय की नाही, कसं ओळखायचं?

नखाची रेघ हीच तुमची मोजपट्टी. लावल्यावर लगेच नव्हे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पुन्हा काही लावायच्या आधी ओढून बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत ताण कमी होतो. खवले जायला दोन आठवडे तरी लागतात, कारण वरच्या थरातल्या पेशी पूर्ण बदलायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

लावल्यावर मिनिटभर चुणचुणलं तर बारीक चिरा आहेत एवढाच अर्थ. आग होत राहिली तर युरिया आणि सुगंधी सगळं बंद करा आणि तीन-चार दिवस ओल्या त्वचेवर नुसती पेट्रोलियम जेली लावा. रेघ हटत नसेल, तर हवा बघा. स्वस्तातला आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवा. आकडा २० च्या खाली असेल तर ह्युमिडिफायरने तो ३० ते ४० पर्यंत आणा. खिडकीच्या काचेवर पाणी साचायला लागलं तर कमी करा, नाहीतर बुरशी धरेल. टाकीतलं पाणी रोज बदला.

एक सावधगिरी फारशी सांगितली जात नाही. पेट्रोलियम जेली किंवा तेल मुरलेलं सुती कापड पटकन पेटतं आणि धुऊनही ते पूर्ण जात नाही. तेच कपडे घालून गॅसपाशी किंवा निरांजनाजवळ उभं राहू नका. टबमध्येही तेलकट पावलं सरकतात.

आणि काही गोष्टी मुळात कोरडेपणा नसतातच. भुवयांत, नाकाच्या कडेला किंवा डोक्यात पिवळसर, तेलकट कोंडा असेल तर त्यामागे एक यीस्ट असतं आणि तेल हे त्याचं खाद्य. तिथे खोबरेल तेल चोपडलं तर कोंडा वाढतो. कडा उठलेली, मधे साफ होत जाणारी, खाजणारी गोल चकंदळं म्हणजे बहुधा नायटा. त्यावर भारतातून आणलेलं खाज-खरजेचं मलम लावू नका. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं, त्याने खाज थांबते पण नायटा पसरतो आणि ओळखूही येईनासा होतो.

आपल्या सावळ्या त्वचेवर आणखी एक अडचण येते. पुस्तकांतल्या फोटोंत दाह लाल दिसतो, आपल्याकडे तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो आणि म्हणून सुटून जातो. रंगापेक्षा स्पर्शावर विसंबा: जागा गरम लागते का, जाड झाली आहे का, खाजेने झोप मोडते का? नडगीवर सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगांची जाळी दिसली, पाणी किंवा पिवळी खपली यायला लागली, किंवा दुखू लागलं, तर थर लावत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. खाजवत राहिलात तर दाह गेल्यावरही काळे डाग कित्येक महिने राहतात.

हे काहीच नसेल आणि नुसता पांढरा भुगा असेल, तर डेव्हनवरून आणलेली ती पिशवी फेकून देऊ नका. ग्लिसरीन आणि खोबरेल तेल बाथरूममध्ये नेऊन ठेवा, टॉवेलच्या शेजारी. मोहरीचं तेल स्वयंपाकघरातच बरं.